पार्किंगच्या स्लॅबखाली लटकवलेला सांडपाण्याचा पाइप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्वी, पुलगाव, हिंगणघाट या भागात आता गावातलं घरही खाली पार्किंग आणि वर राहणं असं बांधलं जातं. खाली ट्रॅक्टर, मोटरसायकली, हंगामात कापूस, आणि त्यांच्या डोक्यावरून संडास-बाथरूमचा पाइप. हा आडवा पाइप नीट लटकवला नाही तर त्रास वरच्यांना आणि खालच्यांना, दोघांनाही होतो. मी गेली बरीच वर्षं हेच काम करतो. लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. घर साधं धरलं आहे: वर एक किंवा दोन मजले, ११० मिमीचा पीव्हीसी पाइप, आणि अंगणात चेंबर व सेप्टिक टँक.

पाइप लटकवायचाच कशाला? जमिनीतून का नाही नेत?

आपल्याकडच्या काळ्या मातीमुळे. मे महिन्यात या मातीला भेगा पडतात, त्यात हात जातो. जुलैत तीच माती पाणी पिऊन फुगते आणि वर उचलते. पार्किंगच्या फरशीखाली दीड-दोन फुटांवर टाकलेला पाइप या हालचालीत दरवर्षी थोडा थोडा हलतो. उतार बिघडतो, सांधा उघडतो, आणि हे सगळं फरशीखाली असल्यामुळे कळतं तेव्हा फरशी फोडावी लागते. मातीत पाइप टाकताच येत नाही असं नाही. पण काळी माती पुरेशी खोल काढून मुरूम भरायची तयारी हवी, आणि ती फार थोड्यांची असते.

स्लॅबखालचा पाइप इमारतीबरोबरच राहतो आणि डोळ्यांसमोर असतो. गळला तर त्याच दिवशी दिसतो. मात्र मातीचं काम आता हँगर करणार असतात. जमिनीत पाइप सगळ्या लांबीवर टेकलेला असतो, हवेत तो फक्त हँगरवर टेकतो. पुढचं सगळं या एका फरकातून येतं.

दोन हँगरमध्ये किती अंतर ठेवायचं?

११० मिमीच्या पाइपाला १ मीटर. ७५ मिमीच्या पाइपाला पाऊण मीटर. १६० मिमीला हिशेबाने दीड मीटर चालतं, पण आपल्याकडचा उन्हाळा बघून मी १.२ मीटरच्या पुढे जात नाही. लक्षात ठेवायला सोपं म्हणजे पाइपाच्या व्यासाच्या दहा पट.

इथे सगळ्यात जास्त वाद होतो, म्हणून कारण सविस्तर सांगतो. पाइप ३ मीटरचा येतो, त्यामुळे प्रत्येक सांध्याला एक पट्टी मारून मोकळं व्हायची सवय आहे. रिकामा पाइप हलका असतो, हाताने उचलता येतो, म्हणून तेवढं पुरेल असं वाटतं. पण तुंबल्यावर ११० मिमीचा पाइप पाण्याने भरतो तेव्हा त्याचं वजन मीटरला सुमारे १० किलो होतं. आणि झोळ अंतराच्या हिशेबात सरळ वाढत नाही. अंतर दुप्पट केलं तर झोळ सोळापट होतो. १ मीटरवर जो झोळ डोळ्याला दिसतही नाही, तो २ मीटरवर बोटभर होतो.

त्यात पीव्हीसीची एक खोड आहे. सतत वजन असलं की तो हळूहळू वाकत जातो आणि पुन्हा सरळ होत नाही. उन्हात मऊ पडतो तेव्हा हे लवकर होतं. वर्ध्याला पारा ४५ च्या पुढे जातो, आणि पार्किंगच्या पश्चिमेकडच्या उघड्या बाजूने दुपारचं ऊन थेट पाइपावर येतं. म्हणून बसवताना सरळ दिसणारा पाइप दोन उन्हाळ्यांनंतर पोट सुटल्यासारखा दिसतो. एकदा पोट आलं की तिथे पाणी साचतं, पाण्याखाली गाळ बसतो, गाळाने वजन वाढतं आणि पोट आणखी खाली येतं.

मीटरच्या अंतराशिवाय आणखी तीन जागी हँगर हवाच: प्रत्येक वाय, म्हणजे तिरक्या फाट्याचा जोड, आणि बेंडच्या जवळ, फूटभराच्या आत, प्रत्येक सफाईच्या दाराशेजारी, आणि उभा पाइप जिथे आडवा होतो त्या वळणाखाली. वरून पडणाऱ्या पाण्याचा धक्का या वळणावर बसतो, त्यामुळे इथला आधार सगळ्यात भक्कम असावा.

जीआयची भोकाची पट्टी चालते का?

माझ्या कामात नाही. पट्टी पाइपाला एका रेषेत कापते, वाऱ्याने-धक्क्याने झुलते, आणि मुख्य म्हणजे तिची लांबी नंतर दोन-तीन मिलिमीटरने कमी-जास्त करता येत नाही. उतार बसवायचा तर तेच करता यायला हवं.

आट्यांचा रॉड, वर स्लॅबमध्ये अँकर फास्टनर, खाली पाइपाभोवती दोन भागांचा रबर लावलेला क्लॅम्प, अशी जोडणी घ्या. ११० मिमीला ८ मिमीचा रॉड पुरतो, १६० ला १० मिमीचा. क्लॅम्पच्या जागी एक नट वर आणि एक खाली असा आवळला की उंची जिथे हवी तिथे पक्की राहते. नट फिरवून उतार दुरुस्त करता येतो, आज आणि पाच वर्षांनीही.

लाकडी गुट्टी ठोकून स्क्रू मारू नका. गुट्टी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आटते, आणि वजन थेट खाली ओढणारं असतं. भिंतीवरची गुट्टी टिकते कारण तिथे वजन आडवं असतं, छताला तसं नसतं. फास्टनरचं भोक पाडल्यावर त्यातली धूळ फुंकून काढा, नाहीतर अँकर घट्ट बसल्यासारखा वाटतो पण धरत नाही. प्रत्येक रॉड बसल्यावर मी त्याला दोन्ही हातांनी लोंबकळून झटका देतो. जो सुटायचा तो तेव्हाच सुटलेला बरा.

बीमच्या खालच्या तोंडाला ड्रिल मारू नका. मुख्य सळ्या तिथेच असतात. बीमजवळ हँगर हवा असेल तर बीमच्या दोन्ही बाजूंना स्लॅबमधून घ्या.

रॉड लांब झाला तर पाइप झुलतो. त्याला काय करायचं?

रॉड फूटभरापेक्षा लांब झाला की झुलतोच. संडास फ्लश केला की अख्खी लाइन हलते, आणि रबरी रिंगचे सांधे त्या हालचालीने हळूहळू सरकतात. दर चार-पाच मीटरवर आणि प्रत्येक वळणावर एक लोखंडी अँगल तिरका लावून पाइप बाजूने बांधा. पाइप भिंतीच्या किंवा कॉलमच्या कडेने जात असेल तर हे आणखी सोपं, भिंतीतून ब्रॅकेट काढता येतो.

उतार किती? मिस्त्री म्हणतात फुटाला दोन सूत.

मिस्त्रींचं चुकत नाही. फुटाला दोन सूत म्हणजे १२ इंचाला पाव इंच, साधारण ४८ ला १. घरगुती ११० मिमीच्या पाइपाला मी ६० ला १ धरतो, म्हणजे मीटरला १७ मिमी. उंची मिळत असेल तर ४० ला १ पर्यंत जावं. १०० ला १ वर मी स्वतः कधी जात नाही, त्याचं कारण असं.

पाइप अर्धा भरून वाहत असेल तर १०० ला १ उतारावरही पाण्याचा वेग सेकंदाला पाऊण मीटरच्या वर जातो, आणि घाण वाहून नेण्यासाठी तेवढा वेग पुरेसा धरतात. पण चार-पाच माणसांच्या घरात ११० मिमीचा पाइप अर्धा भरतो कधी? जवळपास कधीच नाही. फ्लशचं पाणी पाइपाच्या तळाशी पाव उंचीपर्यंत येतं, आणि तेवढ्या पाण्याचा वेग १०० ला १ वर जेमतेम अर्धा मीटर पडतो. ६० ला १ वर तो पाऊण मीटरच्या जवळ येतो. मोठ्या इमारतीत सतत वाहणाऱ्या पाइपाला कमी उतार चालतो, गावातल्या घराला चालत नाही. आपल्याकडे बादलीने पाणी टाकणारेही आहेत, आणि उन्हाळ्यात टँकर आला की पाणी आणखी हात राखून टाकलं जातं. तेव्हा उतारानेच काम करायचं असतं.

याच कारणाने लहान घराला पाइप मोठा करून १६० चा घेऊ नका. मोठ्या पाइपात तेवढंच पाणी पसरून पातळ होतं आणि मैला मागे राहतो.

उतार मोजायचा कुठून? स्लॅबपासून खाली माप घेतलं तर?

तिथेच चूक होते. स्लॅबचा खालचा पृष्ठभाग सपाट दिसतो, पण सेंट्रिंग कुठे बसलेलं असतं तर कुठे प्लेट चढलेली असते. दहा-बारा मीटरमध्ये दोन-तीन सेंमीचा फरक सहज निघतो. पाइपाचा एकूण उतारच २० सेंमी असेल तर त्यातले तीन सेंमी असे गेले की मधला एखादा तुकडा जवळपास सपाट होतो.

लेव्हल पाइप घ्या, नळीतलं पाणी खोटं बोलत नाही. भिंतीवर आणि कॉलमवर एकाच पातळीची खूण करून घ्या, त्या खुणेवरून सुरुवातीची आणि शेवटची उंची काढा, आणि दोन टोकांत लाइनदोरी ताणून बांधा. दोरी स्वतःही मध्ये झोळ घेते, म्हणून दर चार मीटरला ती लेव्हल पाइपाने तपासून टेकवा.

क्लॅम्प आवळल्यावर तपासायला माझ्याकडे १.२ मीटरची स्पिरिट लेव्हल आहे. तिच्या एका टोकाखाली २० मिमी जाडीचा लाकडी ठोकळा चिकटवला आहे. १२०० ला २० म्हणजे नेमका ६० ला १. ठोकळ्याचं टोक उताराकडे ठेवून लेव्हल पाइपावर टेकवली आणि बुडबुडा मध्ये आला की उतार बरोबर. सॉकेटवर टेकवू नका, ते जाड असतं. प्रत्येक दोन हँगरच्या मध्ये एकदा टेकवायची. एकूण उतार बरोबर असूनही मधला तुकडा उलटा असू शकतो, आणि तो असाच सापडतो.

बीम आडवा येतो. त्यातून भोक पाडून पाइप नेऊ का?

नाही. झालेल्या बीममध्ये ११० मिमीचं भोक म्हणजे सळ्या आणि रिंगा कापणं. सेंट्रिंगच्या वेळी इंजिनिअरने जागा सांगून स्लीव्ह टाकली असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर पाइप बीमखालूनच जाईल, आणि त्याची उंची सगळ्यात आधी येणारा बीम ठरवेल.

आर्वी तालुक्यातल्या एका घराचा हिशेब देतो, पुढेही याच घराचं उदाहरण येईल. पार्किंगच्या फरशीपासून स्लॅबची खालची बाजू ३.१० मीटरवर. बीम स्लॅबखाली ३२५ मिमी उतरलेला, म्हणजे बीमची खालची बाजू २.७७५ मीटरवर. मागच्या संडासाचा उभा पाइप जिथे खाली येतो तिथून पहिला बीम ३.६ मीटरवर, आणि चेंबरपर्यंतची एकूण आडवी लांबी १२ मीटर.

बीम आणि पाइप यांच्यात २५ मिमी मोकळी जागा ठेवली तर पहिल्या बीमखाली पाइपाची वरची बाजू २.७५ मीटरवर हवी. तिथपर्यंत ३.६ मीटरमध्ये ६० ला १ ने ६० मिमी उतार होतो, म्हणून सुरुवातीला पाइपाची वरची बाजू २.८१ मीटरवर. स्लॅबपासून २९ सेंमी खाली, म्हणजे वळणाचे दोन बेंड बसायला पुरेशी जागा. १२ मीटरला एकूण उतार २०० मिमी. शेवटी वरची बाजू २.६१ वर आणि पाइपाचा तळ २.५० मीटरवर. क्लॅम्प त्याखाली आणखी एक सेंमी येतो. पार्किंगला किमान २.४ मीटर मोकळी उंची धरतात, तेवढी राहिली.

हेच ४० ला १ ने केलं असतं तर शेवटी तळ २.४३ वर आला असता आणि क्लॅम्प धरून २.४२. नियमात बसतं, पण दोन बोटांच्या फरकाने. म्हणून इथे ६० ला १ घेतला आणि बाकीची उंची गाड्यांना सोडली.

ट्रॅक्टर आणि कापसाची ट्रॉली त्याखालून जाईल का?

भरलेली ट्रॉली जाणार नाही, आणि त्याच्या भरवशावर राहूही नका. पाइप शक्यतो गाडी फिरते त्या पट्ट्यावरून न नेता कॉलमच्या रेषेत, भिंतीच्या कडेने न्या. दोन-तीन मीटर लांबी वाढली तरी चालेल, तिचा उतार मात्र हिशेबात धरा.

ट्रॅक्टरचं सायलेन्सर उभं असतं ही गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. ट्रॅक्टर चालू ठेवून पाइपाखाली उभा केला की गरम धूर थेट पाइपावर आदळतो. पीव्हीसी साधारण ७५-८० अंशाला मऊ पडतो. एका ठिकाणी बरोबर सायलेन्सरच्या वरच पाइप तपकिरी होऊन खाली वाकलेला मी पाहिला आहे. ट्रॅक्टरची उभं राहण्याची जागा आधी ठरवा, मग पाइपाची रेषा आखा.

रिंग-फिट की पेस्ट-फिट?

आडव्या लांब लाइनला रिंग-फिट. पेस्ट-फिटमध्ये सोल्युशन लावलेला पाइप एकसंध होतो, आणि त्याला वाढायला-आटायला जागा राहत नाही. पीव्हीसी मीटरला दर १० अंशांमागे सुमारे ०.७ मिमी वाढतो. डिसेंबरच्या पहाटे १० अंश आणि मेच्या दुपारी ४५ अंश धरले तर १२ मीटरचा पाइप जवळपास २९ मिमी लांब होतो. दोन्ही टोकं अडकलेली असतील तर तो बाजूला किंवा खाली वाकतो, नाहीतर बेंडच्या सांध्यावर जोर येऊन तो तडकतो.

रिंग-फिटमध्ये प्रत्येक सांधा आपल्या ३ मीटरची वाढ गिळतो, सुमारे ७ मिमी. त्यासाठी पाइप सॉकेटात पूर्ण ढकला, पेन्सिलने खूण करा, आणि मग १० मिमी मागे ओढा. उन्हाळ्याच्या भर दुपारी काम करत असाल तर पाइप आधीच वाढलेला असतो, तेव्हा ५ मिमी पुरे. रिंगला इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगून खराब होतं. पाइपाबरोबरचं ल्युब्रिकंटच वापरा.

रिंगचा सांधा ओढला तर सुटतो, ही त्याची कमजोर बाजू. म्हणून प्रत्येक पाइपाला सॉकेटच्या लगेच मागे एक क्लॅम्प घट्ट आवळायचा, आणि त्याच पाइपाचे बाकीचे क्लॅम्प पाइप आत सरकेल इतके सैल ठेवायचे. सगळे घट्ट केले तर रिंग लावून उपयोग नाही, सगळे सैल ठेवले तर लाइन हळूहळू उताराकडे चालू लागते. सॉकेटचं तोंड नेहमी वरच्या बाजूला, जिकडून पाणी येतं तिकडे.

दुकानात शेतीचा पाइप स्वस्त मिळतो. तोच टाकला तर?

शेतीचा हलक्या प्रेशरचा पाइप पातळ असतो, आणि त्याला दार असलेले बेंड, वाय मिळत नाहीत. सांडपाण्यासाठी आयएस १३५९२ चा एसडब्ल्यूआर पाइप घ्या, आणि त्यातही टाइप बी. ११० मिमीत टाइप बी ची जाडी किमान ३.२ मिमी असते, टाइप ए ची २.२ मिमी. टाइप ए पावसाच्या पाण्यासाठी आणि व्हेंटसाठी आहे. पाइपावर छापलेलं असतं, ते वाचून घ्या. लटकणाऱ्या पाइपात तो एक मिलिमीटर झोळाला फार आडवा येतो.

सफाईची दारं किती आणि कुठे ठेवायची?

वरच्या १२ मीटरच्या लाइनला मी तीन ठेवली. पहिलं सगळ्यात वरच्या टोकाला. उभा पाइप आडव्या लाइनला वायने जोडला की वायचं मागचं टोक मोकळं राहतं, तिथे झाकण लावलं. त्यातून कामटी सरळ प्रवाहाच्या दिशेने जाते. दुसरं मध्यावर, सहाव्या मीटरजवळ, दार असलेला तुकडा. तिसरं शेवटी, पाइप भिंतीवरून खाली उतरतो तिथे, फरशीपासून साधारण मीटरभर उंचीवर. हे तिसरं दार सगळ्यात जास्त वापरलं जातं, कारण उभ्याने हात पोचतो. शिवाय जिथे पाइप ४५ अंशांपेक्षा जास्त वळतो तिथे वळणाच्या वर एक दार हवं.

दार कोणत्या बाजूला तोंड करून आहे हे संख्येपेक्षा महत्त्वाचं आहे. खाली तोंड केलेलं दार उघडलं की सगळं अंगावर येतं, आणि गॅस्केट कायम पाण्यात राहून गळतं. वर तोंड केलेलं दार स्लॅब आणि पाइप यांच्या फटीत अडकतं, त्याला पाना लागत नाही. बाजूला आणि किंचित वर, घड्याळात दोन किंवा दहा वाजल्यासारखं, असं ठेवा. दारासमोर किमान दीड फूट मोकळी जागा हवी. बीमला किंवा भिंतीला चिकटून बसवलेलं दार उघडलं तरी त्यात कामटी वाकवून घालता येत नाही.

दाराखालची जमीनही बघा. शिडी लावायला जागा हवी, आणि तिथे धान्याची पोती किंवा सरकी ठेवली जाणार नाही असं घरात सांगून ठेवा.

तुंबलेल्या पाइपाचं दार उघडताना काय काळजी घ्यायची?

१२ मीटरच्या भरलेल्या पाइपात सुमारे १०० लिटर पाणी असतं, आणि वरचा उभा पाइप भरला असेल तर त्याचा दाबही असतो. आधी वरच्या मजल्यावरचे नळ बंद करून संडास वापरू नका म्हणून सांगा. मग वरच्या टोकाचं झाकण थोडं सैल करून बघा. पाणी आलं तर अडथळा त्याच्या खाली आहे. कोरडं निघालं तर अडथळा त्याच्याही वर, उभ्या पाइपात किंवा ट्रॅपमध्ये आहे. असं वरून खाली एकेक दार तपासत गेलं की भरलेलं दार आणि रिकामं दार यांच्या मधे अडथळा सापडतो.

भरलेल्या बाजूचं दार एकदम काढू नका. स्क्रू अर्धे सैल करा, फटीतून पाणी बादलीत झिरपू द्या, धार थांबल्यावर दार काढा. चेहरा बाजूला ठेवा, चष्मा आणि रबरी हातमोजे घाला. बांबूची कामटी वरून खालच्या दिशेनेच घाला. खालून वर ढोसलं तर मैला घट्ट बसतो. आणि लोखंडी सळई वापरू नका, बेंडला भोक पडतं.

नवा पाइप असून तुंबतो. का?

हा प्रश्न मला त्या आर्वीकडच्या घरातूनच आला होता. घरधनी म्हणाले, "भाऊ, पाइप त नवाच हाय, मंग पानी काऊन तुंबते?" घर बांधून दोन वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी काही त्रास नव्हता, दुसऱ्या पावसाळ्यापासून महिन्याआड कामटी मारावी लागे.

मी आधी शिडी न लावता दूर उभं राहून पाइपाच्या खालच्या कडेवर नजर टाकली. तेवढ्यानेच दोन पोटं दिसली. हँगर म्हणून सांध्यांना भोकाची पट्टी, ३ मीटरवर एक. पाइप टाइप ए, सोल्युशनने चिकटवलेला. लेव्हल पाइप लावला तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्टीच्या मध्ये पाइप जवळपास ४ सेंमी खाली आला होता. उतार स्लॅबवरून माप घेऊन काढलेला, १०० ला १ च्या आसपास, म्हणजे ३ मीटरला ३ सेंमी. झोळ उतारापेक्षा मोठा झाला होता, आणि पोटाच्या पुढच्या भागात पाण्याला चढ चढायचा होता. पाइप कापला तेव्हा आत दोन बोटं गाळ होता. एकच दार होतं, तेही खाली तोंड केलेलं.

पाइपावर बोटाने टिचकी मारत गेलात तर हे उघडल्याशिवायही कळतं. रिकामा भाग पोकळ वाजतो, गाळाचा भाग बद्द वाजतो. संडास वापरून तासभर झाल्यावरही जिथे बद्द वाजेल तिथे पाणी उभं आहे.

वळण आणि जोड कसे घ्यायचे?

आडव्या लाइनला साधा टी नको, वाय घ्या, तोही बाजूने. उभा पाइप आडवा करताना एक ९० चा बेंड न लावता ४५ चे दोन लावा. स्वयंपाकघराची ७५ मिमीची लाइन वेगळी आणून शेवटच्या टप्प्यात जोडा. थंडीत तेल गोठतं, आणि लांब आडव्या पाइपात ते थर धरतं. गच्चीचं पावसाचं पाणी या पाइपात सोडू नका. उभा पाइप व्हेंट म्हणून गच्चीच्या वर न्या, नाहीतर फ्लशबरोबर नहाणी ट्रॅपमधलं पाणी ओढलं जाऊन वास येतो.

पाइप चेंबरला जोडताना पक्का सिमेंटने बसवू ना?

नका बसवू. इमारत कॉलमवर उभी आहे आणि चेंबर काळ्या मातीत. पावसाळ्यात चेंबर वर उचलतं, उन्हाळ्यात खाली बसतं, इमारत मात्र तिथेच असते. सिमेंटने पक्क्या केलेल्या पाइपाला ही ओढाताण सोसवत नाही, तो फरशीच्या पातळीवर तुटतो. उभ्या पाइपात जमिनीच्या थोडं वर एक रिंगचा सांधा ठेवा, चेंबरच्या भिंतीत पाइपापेक्षा मोठ्या पाइपाचा तुकडा स्लीव्ह म्हणून घाला, आणि मधली फट लवचिक सीलंटने भरा. जमिनीतल्या पाइपाभोवती काळी माती परत न भरता वाळू किंवा बारीक मुरूम भरा.

काम झाल्यावर तपासायचं कसं?

खालच्या दारातून टेस्ट प्लग बसवा आणि वरून पाणी भरा, संडासाच्या भांड्यात पातळी दिसेपर्यंत. अर्धा तास ठेवा. प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद फिरवा. पण ही परीक्षा फक्त गळतीची नाही. भरलेला पाइप हँगरवर पूर्ण वजनाने टेकलेला असतो, म्हणून याच वेळी पुन्हा लेव्हल लावा. जिथे बुडबुडा हलला तिथला नट फिरवून घ्या. पाणी सोडल्यावर वरच्या झाकणातून पाइपापेक्षा थोडा लहान रबरी चेंडू टाका आणि बादलीभर पाणी ओता. तो चेंबरमध्ये न अडता यायला हवा.

घरमालकांनी पैसे देण्याआधी ही परीक्षा स्वतः उभं राहून करून घ्यावी. स्लॅबखाली फॉल्स सीलिंग करणार असाल तर त्याआधी, आणि दारांच्या जागी उघडणारी झडप ठेवून.

आधीच बसवलेला पाइप आहे. सगळा काढावा लागेल का?

पाइप टाइप बी असेल आणि नुसता थोडा झुकला असेल तर नाही. आधी गाळ धुऊन काढा, मग मधे मधे हँगर वाढवून नटाने हळूहळू उचला, एका दिवसात सगळं नाही. सकाळी थंडीत ताठ पाइप जोराने उचलला तर सांधा तडकतो, दुपारी तो थोडा नमतो. पण पाइप कायमचा वाकडा झाला असेल, म्हणजे क्लॅम्प सोडून जमिनीवर ठेवल्यावरही धनुष्यासारखा राहत असेल, तर तो बदलाच.

त्या आर्वीकडच्या घरात आम्हाला बदलावाच लागला. टाइप बी, रिंग-फिट, १ मीटरवर एक असे १३ हँगर, त्याशिवाय वळणाखाली, वायजवळ आणि मधल्या दाराशेजारी एकेक, एकूण १६. दोन जागी तिरके अँगल. दोन माणसांचं तीन दिवसांचं काम झालं, त्यातला पहिला अख्खा दिवस लेव्हल आणि भोकं पाडण्यात गेला. पुढच्या मे महिन्याच्या शेवटी मी परत जाऊन ठोकळ्याची लेव्हल सगळ्या लाइनवर टेकवली. फक्त चौथ्या आणि पाचव्या हँगरमध्ये बुडबुडा किंचित सरकला होता. तिथला खालचा नट अर्धा वेढा फिरवला.